आधी घेतलं, मग आवडलं: जाहिरातीच्या शिडीची उलटतपासणी

एसटी स्टँडवर गाडी लागलेली असते, निघायला पाच-सात मिनिटं असतात. तेवढ्यात आलेपाकवाला चढतो. पहिली हाक अशी की खिडकीतून बाहेर बघणाराही मान वळवतो. मग तो घाटाचा विषय काढतो. गाडी लागते, मळमळतं, घसा धरतो, पोरं रडतात. आता तिसऱ्या सीटवरच्या बाईंना हे आपल्यालाच सांगतोय असं वाटू लागतं. मग आलेपाकाचे गुण येतात. शेवटी कंडक्टरकडे एक नजर टाकून तो म्हणतो, "दहाला दोन, गाडी सुटायच्या आत घ्या."

लक्ष, रस, इच्छा, कृती. इंग्रजीतल्या या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा 'आयडा' झाला. मार्केटिंगच्या पहिल्या वर्षाला जो बसला त्याने तो पाठ केलाच असेल, आणि आमच्या धंद्यात दर दुसऱ्या सादरीकरणात तो नरसाळ्याच्या चित्रासकट येतो. आलेपाकवाल्याने यातलं काही वाचलेलं नसतं, तरी त्याचं भाषण याच क्रमाने जातं. कारण आयडा जन्मला तोच मुळी अशा भाषणातून.

ही कल्पना अमेरिकेतली. एलियस सेंट एल्मो लुईस या जाहिरातवाल्या गृहस्थाच्या नावावर ती सांगितली जाते आणि साल दिलं जातं १८९८. सुरुवातीला पायऱ्या तीनच होत्या: लक्ष वेधा, रस टिकवा, इच्छा जागवा. 'कृती करवून घ्या' ही चौथी नंतर जोडली गेली. हे श्रेय लुईसला देणारं लिखाण आपल्याला भेटतं ते एडवर्ड स्ट्राँग यांच्या १९२५ च्या पुस्तकात, आणि त्या पुस्तकाचा विषय आहे विक्री आणि जाहिरातीचं मानसशास्त्र. त्यात समोरासमोरची विक्री आली. दारात उभा असलेला विक्रेता, समोर एक गिऱ्हाईक, हातात दहा मिनिटं. अशा संभाषणाला क्रम असणारच. जो ऐकतच नाही त्याला गुण सांगून काय उपयोग?

गडबड झाली ती पुढे. दहा मिनिटांच्या बोलण्याचा हा क्रम उचलून वर्षभर चालणाऱ्या खरेदीवर बसवला गेला. भाषण कसं रचावं याचा तो नियम होता, माणूस खरेदीपर्यंत कसा पोचतो याचं ते वर्णन ठरलं. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि या लेखात मला एवढंच उलगडून दाखवायचं आहे.

आधी त्या शिडीला न्याय देऊ. १९६१ मध्ये रॉबर्ट लॅव्हिज आणि गॅरी स्टायनर यांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये सहा पायऱ्यांची मांडणी केली: नाव माहीत होणं, माहिती कळणं, आवडणं, इतरांपेक्षा जास्त आवडणं, घ्यायचंच अशी खात्री होणं, आणि खरेदी. पहिल्या दोन डोक्याच्या, मधल्या दोन मनाच्या, शेवटच्या दोन हाताच्या, असं साधारण म्हणता येईल. यालाच परिणामांची उतरंड म्हणतात. त्याच वर्षी रसेल कॉली यांनी अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेसाठी 'डॅगमार' नावाची पद्धत लिहिली. तिचा आग्रह असा की जाहिरातीचं उद्दिष्ट 'विक्री वाढवणे' असं लिहू नका. विक्री किमतीनेही वाढते, दुकानदाराच्या कमिशननेही वाढते, पावसानेही वाढते. कोणत्या लोकांमध्ये, कोणती पायरी, आज किती आहे, किती करायची आणि किती महिन्यांत, हे लिहा. मग ते मोजा.

हे किती कामाचं आहे ते एका उदाहरणातून बघू. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सोलर वॉटर हीटर विकणारी एक कंपनी समजा. (आकडे समजण्यापुरते माझे आहेत.) स्वतःचं घर असलेल्या शंभर कुटुंबांना विचारलं. ८० जणांनी नाव ऐकलं होतं. पावसाळ्यात पाणी कसं तापतं आणि बोअरच्या क्षारवाल्या पाण्यात हे चालतं का, याचं उत्तर ३० जणांना माहीत होतं. २६ जणांचं मत चांगलं होतं, २० जणांना हीच कंपनी बरी वाटत होती, १५ जणांनी घ्यायचं ठरवलं होतं आणि ६ जणांनी घेतलं होतं.

आता नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली आणखी चाळीस होर्डिंग लावली तर पैसे वाया जातील, हे कोणालाही दिसेल. नाव पोचलेलं आहे, गळती आहे ८० आणि ३० च्या मधे. म्हणून जाहिरात अशी हवी की जी पावसाळा आणि बोअरचं पाणी या दोन शंकांची उत्तरं नीट देईल. तिची जागा होर्डिंगवर नाही, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर किंवा दोन मिनिटांच्या व्हिडिओत आहे. आणि १५ वरून ६ ही शेवटची गळती बहुधा जाहिरातीची नसतेच. ती प्लंबरची, हप्त्याची किंवा गच्चीवर टाकी किती उंचीवर आहे याची असते. एवढं निदान एका साध्या तक्त्यातून झालं. मोठ्या रकमेची, क्वचित होणारी, घरात चार जणांनी मिळून ठरवायची खरेदी असेल तर माणसं खरोखरच जवळपास याच वाटेने जातात. आधी विचारपूस, मग मत, मग पैसे.

आता तोच तक्ता मसाल्याच्या पाकिटाला लावू.

कांदा-लसूण मसाला करणारे एक मध्यम कारखानदार समजा. जिल्ह्यात दुकानं बरी, पण माल सगळीकडे सारखा पोचत नाही. हजार घरांची पाहणी केली. ७०० घरांनी नाव ऐकलं आहे. २२० घरं 'आवडतो' म्हणतात. १४० घरं 'हाच सगळ्यात चांगला' म्हणतात. गेल्या तीन महिन्यांत निदान एकदा घेतला अशी घरं २००.

एजन्सीतला तरुण हुशार प्लॅनर लगेच बोट ठेवतो: ७०० वरून २२०! नाव माहीत आहे, पण जिव्हाळा नाही. तेव्हा भावनेला हात घालणारी फिल्म करू. आजी, चूल, पाटा-वरवंटा, मुंबईहून सुट्टीला आलेला नातू. (ही फिल्म तुम्ही पाहिली आहे. सगळ्यांनीच पाहिली आहे.)

पण तक्त्यात एक खडा आहे, तो आधी बघायला हवा. 'हाच सगळ्यात चांगला' म्हणणारे १४० आणि घेणारे २००. वरच्या पायरीवर खालच्या पायरीपेक्षा जास्त माणसं उभी आहेत. शिडी चढूनच वर जाता येत असेल तर हे साठ जण वर आले कुठून?

उत्तर दुकानात मिळतं. बाई किराण्याच्या दुकानात जातात, "नेहमीचा मसाला द्या" म्हणतात. दुकानदार म्हणतो, "वैनी, तो उद्या येईल, आज हा न्या, बरा आहे." नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. बाई नेतात. रात्री रश्शाला तर्री बरी येते, कोणी काही बोलत नाही. मसाल्याच्या बाबतीत कोणी काही न बोलणं हीच पावती. पुढच्या वेळी दोन्ही पाकिटं समोर असताना हात कधी याच्यावर जातो, कधी त्याच्यावर. कोणी तीन महिन्यांनी विचारलं तर बाई सांगतात, "हो, चांगला आहे की." आवड आली, पण खरेदीच्या मागून आली. आणि खात्री ही पायरी तर वाटेत लागलीच नाही, कारण पन्नास रुपयांच्या पाकिटासाठी कोण खात्री करत बसतं?

आता त्या २२० 'आवडतो'वाल्या घरांचे दोन गट करा. समजा त्यातली १७० घरं आधीपासून घेणारी निघाली आणि न घेता आवडतो म्हणणारी फक्त ५०. हा भाग अहवालात सहसा नसतो, कारण नरसाळ्याच्या चित्रात तो मावत नाही. पण सगळी मेख इथेच आहे. प्लॅनरने वाचलं, 'ज्यांना आवडतो ते घेतात.' तेच आकडे उलटेही वाचता येतात: 'जे घेतात त्यांना आवडतो.' एका दिवशी केलेल्या पाहणीतून यातलं खरं कोणतं हे कळायला मार्ग नाही. आणि वरून खाली आकडे कमी होत गेले म्हणजे माणसं त्या क्रमाने चालत गेली असंही सिद्ध होत नाही. नाव न ऐकता गुण माहीत असणं अशक्य, म्हणून पहिले दोन आकडे उतरते येणारच. तो भाषेचा नियम आहे, गिऱ्हाइकाच्या वागण्याचा नव्हे.

क्रम तपासायचा असेल तर त्याच घरांत तीन महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. शब्दावर पुन्हा जोर देतो: त्याच घरांत. नवीन हजार घरं घेऊन उपयोग नाही. पहिल्या फेरीत नाव माहीत असलेली पण न घेणारी ५०० घरं होती. त्यातल्या ५० घरांचं मत आधीच चांगलं होतं, ४५० घरांचं काहीच मत नव्हतं. समजा तीन महिन्यांत त्या ५० पैकी १० घरांनी घेतला आणि ४५० पैकी ४५ घरांनी.

याचं गणित सावकाश बघा, कारण यातून दोन गोष्टी निघतात आणि लोक त्यातली एकच धरून भांडतात. ५० पैकी १० म्हणजे शंभराला वीस. ४५० पैकी ४५ म्हणजे शंभराला दहा. तेव्हा आवड असेल तर खरेदीची शक्यता दुप्पट होते, आवड ही काही भाकड गोष्ट नाही. पण एकूण ५५ नव्या घरांपैकी ४५ घरं आवडीच्या पायरीवर पाय न ठेवताच आली. आवड मदत करते, पण तिच्याकडून पास घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं नाही. उतरंडीचं गृहीतक मात्र नेमकं तेच आहे, की तो पास लागतोच.

ही टीका काही माझी नाही आणि नवीही नाही. १९६६ मध्येच क्रिस्टियन पाल्डा यांनी या उतरंडीचे पुरावे तपासले आणि आधीची पायरी चढल्याने पुढची खरोखर जवळ येते का, यावर प्रश्नचिन्ह लावलं. त्याच्या आदल्या वर्षी हर्बर्ट क्रुगमन यांनी टीव्हीबद्दल लिहिलं होतं की माणूस जाहिरात फारसं मन न घालता बघतो, पटतही नाही आणि नाकारतही नाही. पुन्हापुन्हा बघून फक्त वस्तूची ओळख मनात कुठेतरी पडून राहते. ती वर येते थेट दुकानात, खरेदीच्या वेळी, आणि मत बनतं ते त्यानंतर. आपल्या मसाल्याच्या बाईंना 'कुठेतरी वाचल्यासारखं' वाटलं होतं, ते हेच.

मला सगळ्यात पटतात ते अँड्र्यू एरेनबर्ग. ब्रिटनमधले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी मतं विचारण्यापेक्षा घराघरांतल्या खरेदीच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळल्या. रोजच्या वस्तूंमध्ये बहुतेक घरं एका ब्रँडला बांधलेली नसतात, दोन-तीन ब्रँड आलटून पालटून घेतात, असं त्यांना दिसलं. १९७४ मध्ये त्यांनी जो क्रम सुचवला तो छोटा आहे: ओळख, करून बघणं, आणि मग पक्कं होणं. या तिसऱ्या टप्प्यावर जाहिरातीचं मुख्य काम. म्हणजे नवख्याचं मन वळवणं हे तिचं मोठं काम नव्हे. जो अधूनमधून घेतो त्याच्या यादीतून आपलं नाव गळू न देणं, हे मोठं.

पण मग मोठ्या खरेदीत तरी शिडी अभंग आहे का? १९५७ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, नुकतीच नवी मोटार घेतलेल्या लोकांवरचा. हे लोक मोटारींच्या जाहिराती वाचत होते, आणि सगळ्यात जास्त वाचत होते त्या मोटारीच्या, जी दारात उभी होती. ज्या गाड्या विचारात घेऊन सोडून दिल्या त्यांच्या जाहिराती तेवढ्या वाचल्या गेल्या नाहीत. शिडीच्या हिशेबाने यांचं काम संपलेलं होतं. पण पैसे मोजल्यावर आपण बरोबर केलं ना ही रुखरुख सुरू होते आणि माणूस धीर देणारा मजकूर शोधतो. ज्याने फ्लॅटचं बुकिंग केल्यानंतर त्याच बिल्डरचं ब्रोशर रात्री पुन्हा काढून वाचलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडची सर्फची ललिताजी आठवा. ऐंशीच्या दशकातली, लिंटास एजन्सीत अलीक पदमसी यांच्या हाताखाली झालेली जाहिरात, पडद्यावर कविता चौधरी. सर्फ भारतात १९५९ पासून होतं, नाव घरोघर पोचलेलं. गुण माहीत होते, वापरणारेही होते. अडचण वेगळीच होती. १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेली निरमा पावडर कितीतरी स्वस्तात मिळत होती आणि सर्फ घेणाऱ्या बाईला आपण उगाच जास्त पैसे देतोय का असं वाटू लागलं होतं. ललिताजी भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, आणा-पैशाचा हिशेब ठेवणारी. तीच ठणकावून सांगते की स्वस्त आणि चांगलं यात फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीचं काम करतं. ही जाहिरात शिडीच्या कोणत्या पायरीवर ठेवायची? माझ्या मते कोणत्याच नाही. जी बाई आधीपासून वर उभी आहे तिने खाली उतरू नये म्हणून तिला दिलेलं ते कारण आहे. शेजारणीने "एवढं महाग कशाला घेता?" विचारलं तर द्यायला उत्तर.

गंमत म्हणजे लॅव्हिज-स्टायनर स्वतः आपल्या भक्तांइतके कट्टर नव्हते. पायऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं आणि कधीकधी माणूस एकदम अनेक पायऱ्या ओलांडतो, हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. पुढे चित्र तेवढं उरलं, वाक्यं गळली. १९९९ मध्ये व्हॅक्रॅट्सास आणि अँब्लर या दोघांनी जाहिरातीवरचे अडीचशेहून अधिक लेख आणि पुस्तकं तपासली. ठरावीक क्रमाने परिणाम होतात याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. पण त्यांनी पायऱ्या फेकूनही दिल्या नाहीत. डोकं, मन आणि वापराचा अनुभव हे तिन्ही घटक खरे, ते एकमेकांवर काम करतात, फक्त त्यांना रांगेत उभं करू नका, असं त्यांचं म्हणणं.

मग मसालेवाल्यांच्या कागदावर काय लिहायचं? मी पायऱ्यांचे रकाने काढून तिथे घरांचे रकाने टाकीन. कधीच न घेतलेलं घर, एकदा घेऊन थांबलेलं, अधूनमधून घेणारं, नेहमीचं. पहिल्या रकान्यासाठी फिल्म नको, दहा रुपयांचं छोटं पाकीट आणि ते ज्या दुकानांत पोचतच नाही अशा दुकानांची यादी. थांबलेल्या घरांसाठी आधी कारण विचारायचं. 'तिखट जास्त' असं उत्तर बऱ्याच ठिकाणी आलं तर ते काम जाहिरातवाल्याचं नाही, मिरची निवडणाऱ्याचं आहे. अधूनमधून घेणारी घरं सगळ्यात जास्त असतील आणि जाहिरातीचे बहुतेक पैसे तिथे जातील: दुकानाच्या वाटेवरच्या भिंती, एसटीच्या पाठी, आणि त्यावर पाकिटाचं चित्र अगदी दुकानात दिसतं तसंच, त्याच लाल रंगात. रंग बदलायची हौस कलाविभागाला येईल, ती येऊ द्यायची नाही. आणि मोजताना 'आवडतो का' हा प्रश्न राहील, पण घेणारे आणि न घेणारे यांची उत्तरं वेगळ्या ओळीत.

यावर मालक हमखास विचारतात, "म्हणजे जे आधीच घेतात त्यांनाच जाहिरात दाखवायची? पैसे देऊन?" बऱ्याच अंशी, हो. त्यांना हे पटायला वेळ लागतो, तेव्हा मी पुन्हा एसटी स्टँडवर जातो. आलेपाकवाल्याच्या भाषणातली एक गोष्ट मी सुरुवातीला सांगितली नाही. गुण सांगण्याच्या आधीच तो सुरीने छोटे छोटे तुकडे पाडतो आणि पुढच्या दोन-तीन सीटवरच्यांच्या हातावर फुकट ठेवतो. इच्छा जागवण्यात वेळ घालवत नाही. तुकडा तोंडात विरघळेपर्यंत मागच्या सीटकडे जाऊन येतो, आणि परत येताना पैसे गोळा करतो.